सही कुणाची, पैसे कुणाचे

संयुक्त खात्यातला एक खातेदार गेला की दोन वेगळे प्रश्न उभे राहतात आणि घरात बहुतेक वेळा त्यांचा एकच प्रश्न होऊन बसतो. खात्यातून पैसे काढू कोण शकतं, हा पहिला. ते पैसे आहेत कुणाचे, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बँकेच्या काउंटरवर मिळतं. दुसऱ्याचं बँक कधीच देत नाही, कारण तिला ते द्यायचंच नसतं. भांडणं होतात ती पहिल्या उत्तराला दुसऱ्याचं उत्तर समजल्यामुळे: ‘बँकेनं मला दिले, म्हणजे माझे झाले.’

एक उदाहरण घेऊन हे पाहू. कुटुंब काल्पनिक आहे, पण अशी कुटुंबं तालुक्याच्या कुठल्याही बँकेच्या शाखेत रोज दिसतात. सातारा जिल्ह्यातल्या गावचे प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी. वय ६४. घरात त्यांची ८६ वर्षांची आई, पत्नी, आणि शेती बघणारा धाकटा मुलगा. थोरली मुलगी नाशिकला दिलेली. नावं नकोत, गुरुजी, आजी, आई, ताई आणि धाकटा एवढं पुरे. गुरुजींची पेन्शन पत्नीबरोबरच्या वेगळ्या खात्यात येते. ग्रॅच्युइटीचे पैसे मात्र त्यांनी धाकट्याच्या नावासह उघडलेल्या दुसऱ्या खात्यात ठेवले, कारण बँकेच्या चकरा तोच मारायचा. त्याच दोघांच्या नावावर एक मुदत ठेवही केली. दोन्हीकडे नॉमिनी म्हणून पत्नीचं नाव लावलं. गुरुजींना वाटलं, सगळ्यांची सोय झाली.

गुरुजी गेले त्या क्षणी बचत खात्यात ५,२०,००० रुपये होते. मुदत ठेवीची मुदत संपायला आठ महिने होते आणि संपल्यावर ९,००,००० मिळायचे होते. गुरुजींनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं.

आता बँकेत कोण जाणार? आई जाते, कारण नॉमिनी ती आहे. काउंटरवरचा माणूस कॉम्प्युटरमध्ये बघतो आणि सांगतो, ‘काकू, तुमच्या मुलाला पाठवा.’ आईला हा अपमान वाटतो. त्या माणसाचं मात्र चुकलेलं नाही. संयुक्त खात्यात नॉमिनीचा नंबर सगळे खातेदार गेल्यावरच लागतो. एक जरी हयात असेल आणि खात्यावर हयात असलेल्याला पैसे देण्याची सूचना असेल, तर पैसे त्याला. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींना चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात, पण चार लावले तरी हा क्रम बदलत नाही. गुरुजींनी पत्नीचं नाव लावलं ते गुरुजी आणि धाकटा दोघेही गेले तर, एवढ्यासाठीच उपयोगाचं होतं.

‘सूचना’ म्हणजे खातं उघडताना फॉर्मवर जी खूण केली जाते ती. बहुतेकांना ती केल्याचं आठवतही नाही. ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ म्हणजे दोघांपैकी कुणीही व्यवहार करावा आणि एक गेला तर उरलेल्यानं. ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ म्हणजे पहिलं नाव ज्याचं तो असेपर्यंत फक्त त्यानं, आणि तो गेल्यावर दुसऱ्यानं. म्हातारपणी मुलाचं नाव लावायचं पण हयातीत त्यानं खात्याला हात लावू नये असं वाटत असेल तर ही दुसरी सूचना कामाची. आणि तिसरी नुसतीच ‘जॉइंटली’, म्हणजे दोघांनी मिळून. इथे उरलेल्याला एकट्याला काहीच करता येत नाही. एक गेला की त्याच्या जागी त्याचे सगळे वारस येतात आणि उरलेला खातेदार अधिक सगळे वारस अशा सगळ्यांच्या सह्या लागतात. पासबुकाच्या पहिल्या पानावर ही सूचना बहुतेक वेळा छापलेली असते, इंग्रजी आद्याक्षरांत. एकदा चष्मा लावून वाचून ठेवावी.

गुरुजींच्या खात्यावर पहिल्या प्रकारची सूचना होती. म्हणून धाकटा मृत्यूचा दाखला, स्वतःचं आधार आणि पॅन घेऊन जातो, दाव्याचा फॉर्म भरतो, आणि बँक गुरुजींचं नाव कमी करून खातं त्याच्या नावावर करते. एवढंच. यासाठी वारस दाखला मागायचा नाही, कोर्टाचं सक्सेशन सर्टिफिकेट मागायचं नाही, बंधपत्र किंवा जामीन मागायचा नाही, रक्कम कितीही असो. रिझर्व्ह बँकेनं हे ९ जून २००५ च्या परिपत्रकातच सांगितलं होतं. २६ सप्टेंबर २०२५ ला तिनं याच विषयावर एकत्रित निर्देश काढले, आणि ते बँकांनी उशिरात उशिरा ३१ मार्च २०२६ पर्यंत लागू करायचे होते. सगळी कागदपत्रं मिळाल्यापासून पंधरा दिवसांत दावा निकाली काढायचा, आणि बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर त्या दिवसांची भरपाई व्याजाच्या रूपात द्यायची, असा नियम आहे. तरीही शाखेत ‘शंभराच्या स्टॅम्पवर लिहून आणा’ असं सांगणारं कुणीतरी भेटतंच. अशा वेळी ‘ही मागणी लेखी द्या’ एवढं शांतपणे म्हणावं. मागणी बहुतेक वेळा तिथेच विरघळते.

‘जॉइंटली’चं खातं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. तिथे मृत व्यक्तीच्या वतीनं वारस पुढे येतात, त्यामुळे वारस कोण हे बँकेला पाहावं लागतं. त्यासाठी नव्या निर्देशांत सोपी पद्धत आहे: इतर बँकांत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकांत ५ लाखांपर्यंत, दाव्याचा फॉर्म, वारसांचं बंधपत्र, ज्यांना पैसे नकोत त्यांची तशी लेखी संमती आणि वारस कोण हे सांगणारा दाखला किंवा कुटुंबाला ओळखणाऱ्या त्रयस्थाचं प्रतिज्ञापत्र एवढ्यावर काम व्हावं. बँकेला वाटलं तर ती आपली मर्यादा याहून वाढवू शकते. त्यावरच्या रकमेला सक्सेशन सर्टिफिकेट किंवा जामिनासह आणखी कागद लागू शकतात. गावाकडे बऱ्याच जणांची खाती नागरी सहकारी किंवा जिल्हा मध्यवर्ती बँकेत असतात, म्हणून पाच लाखांचा आकडा लक्षात ठेवलेला बरा.

आता धाकट्यानं सही केलेल्या त्या फॉर्मकडे वळू. तो फॉर्म बारीक अक्षरात असतो आणि त्यात एक ओळ असते, जी वाचण्याआधीच सही होते. ही रक्कम मी मयत खातेदाराच्या कायदेशीर वारसांचा विश्वस्त म्हणून स्वीकारत आहे, आणि या रकमेवर इतर कुणाचा हक्क असल्यास त्याला या भरण्यानं बाधा येणार नाही, असा तिचा आशय. ही ओळ बँकेनं आपल्या मनानं टाकलेली नाही. उरलेल्या खातेदाराला हे स्पष्ट सांगितल्याशिवाय बँकेची जबाबदारी संपत नाही, असं रिझर्व्ह बँकेचं म्हणणं आहे. बँकेनं तीन गोष्टी केल्या की तिची सुटका होते: मृत्यू झाल्याची आणि पैसे घेणाऱ्याच्या ओळखीची कागदपत्रांवरून नीट खात्री केली, कोर्टाचा मनाईहुकूम आलेला नाही हे पाहिलं, आणि पैसे घेणाऱ्याला तो विश्वस्त म्हणून घेतोय हे सांगितलं. त्यानंतर वारसांनी बँकेला जाब विचारता येत नाही. जाब विचारायचा तो धाकट्याला.

मग धाकट्याचा त्यात मालक म्हणून हक्क किती? इथे भारतातला कायदा इंग्लंडच्या जुन्या कायद्यापासून शंभर वर्षांपूर्वीच वेगळा झाला. तिकडे नवऱ्यानं बायकोच्या किंवा बापानं मुलाच्या नावासह पैसे ठेवले तर ते त्याला दिलेच असावेत, असं कोर्ट गृहीत धरत असे. १९२८ साली गुरन दित्ता विरुद्ध राम दित्ता या खटल्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं सांगितलं की भारतात असं गृहीत धरायचं नाही. एका हिंदू गृहस्थानं स्वतःच्या पैशांची ठेव स्वतःच्या आणि पत्नीच्या नावे ठेवली होती, दोघांपैकी कुणालाही किंवा हयात असलेल्याला देय अशी. तेवढ्यावरून ती पत्नीला बक्षीस दिली असं होत नाही, दुसरा हेतू सिद्ध झाला नाही तर पैसे त्याच्याच मालमत्तेत मोजायचे, असा निकाल झाला. हे तत्त्व आजही चालतं. नॉमिनीच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाची भूमिका अशीच आहे: १९८४ मध्ये विमा पॉलिसीबद्दल, २०१० मध्ये बँक ठेवींबद्दल, २०२३ मध्ये शेअर्सबद्दल. पैसे हातात घेणारा एक आणि मालक दुसरे असू शकतात, हे कोर्टं पुन्हा पुन्हा सांगत आली आहेत.

म्हणजे पाहायचं एवढंच की खात्यात पैसे आले कुठून. इथे पासबुक हाच साक्षीदार. गुरुजींच्या ५,२०,००० पैकी १,२०,००० रुपये धाकट्याचे होते. त्यानं स्वतः कसलेल्या आल्याचे ते पैसे. बाजार समितीतल्या आडत्यानं धाकट्याच्या नावे पट्टी केली आणि चेक याच खात्यात भरला. पट्टीवरची तारीख, चेकची रक्कम आणि पासबुकातली नोंद तिन्ही जुळतात. हे पैसे गुरुजींचे कधी नव्हतेच, त्यामुळे वाटणीत येत नाहीत. उरलेले चार लाख गुरुजींचे, आणि मुदत ठेव तर सगळी त्यांच्या ग्रॅच्युइटीतून.

धाकटा एक वाक्य हमखास म्हणेल: ‘बाबा म्हणाले होते, हे तुझ्यासाठीच ठेवलंय.’ म्हणालेही असतील. पण ते सिद्ध करण्याचं ओझं धाकट्यावर आहे, आणि त्याच्या बाजूनं फक्त त्याचाच शब्द असेल तर ते कठीण. गुरुजींच्या हयातीत ते पैसे खरोखर त्याच्या ताब्यात गेले होते का, तो स्वतःच्या मर्जीनं खर्चत होता का, की बाबांनी सांगितलं तेव्हा काढून आणत होता? खात्यातून सून-नातवंडांचा खर्च चालत होता की गुरुजींच्या औषधांचा? कोर्ट हे विचारतं. मुलानं बाबांची सेवा केली, हे खरं आणि महत्त्वाचं असलं तरी सेवेचा मोबदला म्हणून कायदा जादा हिस्सा देत नाही. तो द्यायचा असेल तर मृत्युपत्रात लिहायचा असतो. दोन साक्षीदारांच्या सह्यांचं साधं मृत्युपत्र असतं तर हा सगळा लेख या कुटुंबाला लागू झालाच नसता.

मुदत ठेवीचं प्रकरण आणखी मजेशीर आहे. धाकट्याला ठेव लगेच मोडायची आहे. मॅनेजर म्हणतो, जमणार नाही. ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ ठेवीतला एक खातेदार गेला तर मुदतीआधी ठेव मोडायला मयताच्या वारसांची संमती लागते. ठेव ठेवताना दोघांनी मिळून ‘एक गेल्यास दुसऱ्याला मुदतीआधी मोडता येईल’ असं लिहून दिलं असेल तरच ही अट सुटते. त्यासाठी फॉर्मवर एक चौकट असते आणि ती रिकामी राहिलेली असते. मग धाकट्याला आई, ताई आणि आजी तिघींच्या सह्या आणाव्या लागतील, आजीचा अंगठा. आणि त्यानं आठ महिने थांबायचं ठरवलं तर? मुदत संपली की तीच बँक, तीच ठेव, आणि सही फक्त धाकट्याची. वारसांना संमती विचारण्याचा प्रश्न नाही. नियम असा आहे की मुदतीआधी मोडणं म्हणजे करार बदलणं, आणि करार बदलायला दुसऱ्या बाजूचे वारस हवेत. मुदतीला पैसे देणं म्हणजे करार पाळणं. तर्क बरोबर आहे. पण नाशिकच्या ताईला जर वाटत असेल की आपल्याला विचारल्याशिवाय काही होणार नाही, तर तिचा तो दिलासा आठ महिन्यांचाच आहे.

ताई बँकेला पत्र लिहून पैसे थांबवू शकते का? लोक हे करतात, रजिस्टर्ड पोस्टानं. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ४५ झेडबी नुसार ज्याच्या नावावर ठेव आहे तो सोडून दुसऱ्या कुणाच्या दाव्याची सूचना बँकेनं स्वीकारायची नसते. कोर्टाचा आदेश आला तर मात्र तो पाळायचा असतो. म्हणजे ताईच्या पत्राला बँकेच्या दृष्टीनं किंमत नाही, तिनं दिवाणी कोर्टातून आणलेल्या मनाईहुकुमाला आहे. आठ महिने तिच्या हातात आहेत ते यासाठी. पैसे एकदा धाकट्याच्या खात्यातून ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये गेले की ताईचा हक्क जात नाही, पण वसुली दमवणारी होते.

आता हिशेब. हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाचे पहिल्या वर्गातले वारस म्हणजे पत्नी, मुलगे, मुली आणि आई. हयात नसलेल्या मुला-मुलीची मुलंही आपल्या आईबापाच्या जागी येतात. सगळ्यांना सारखे हिस्से. वडील या यादीत नाहीत, भाऊ-बहीण नाहीत. ताईचं लग्न झालंय, हुंडा दिलाय, याचा इथे काही संबंध नाही. आणि सगळ्यात जास्त वेळा विसरली जाते ती मयताची आई. घरातल्या कुणाच्या डोक्यातही येत नाही की कोपऱ्यात बसून जपमाळ ओढणारी आजी आपल्या मुलाची वारस आहे आणि तिचा हिस्सा नातवाइतकाच आहे.

गुरुजींची रक्कम तेरा लाख: बचतीतले चार आणि ठेवीचे नऊ. त्यातून आधी त्यांची देणी जातात. दवाखान्याचं बिल चुकतं करायचं राहिलं होतं ४५,००० रुपये, विकास सोसायटीचं त्यांच्या नावावरचं पीककर्ज ३५,०००, आणि अंत्यविधीचा खर्च २०,०००. हे एक लाख धाकट्यानं खात्यातून भरले, पावत्या ठेवल्या. मागे राहिले बारा लाख, वारस चार. प्रत्येकी तीन लाख. धाकट्याच्या हातात पूर्ण बारा लाख असले तरी त्यातले त्याचे तीन. नऊ लाख तो तिघींना देणं लागतो. बचत खात्यातल्या रकमेवर मधल्या काळात व्याज साचलं तर तेही त्याच प्रमाणात.

दोन जागी वाद होतो. एक, तेराव्याचं जेवण. धाकट्यानं गावजेवण घातलं, साठ हजार झाले, आणि ते तो बारा लाखांतून वजा करू पाहतो. ताई म्हणते, तुझ्या प्रतिष्ठेचं जेवण माझ्या हिश्शातून का? अंत्यविधीचा माणसाच्या ऐपतीला शोभेल इतका खर्च त्याच्या मालमत्तेतून जावा, हे सगळीकडे मान्य होतं. पाचशे पानांच्या पंगतीचं तसं नाही. माझ्या मते ताई बरोबर आहे, आणि सगळ्यात बरं म्हणजे पंगत ठरवतानाच तिला फोन करून विचारावं. दुसरा वाद एटीएमचा. गुरुजी गेले त्या रात्री दवाखान्यात भरायला धाकट्यानं गुरुजींचं कार्ड वापरून ४०,००० काढले. पैसे दवाखान्यातच गेले, ४५,००० मधले ते. पण कार्ड आणि पिन ज्याचा त्याचा असतो, आणि माणूस गेला की त्याच्या वतीनं दुसऱ्यानं ते वापरायचा अधिकार संपतो. धाकट्याला स्वतःच्या कार्डानं किंवा चेकनं तेच पैसे काढता आले असते, तसे काढायला हवे होते. मुखत्यारपत्राचंही असंच: मुखत्यारपत्र देणारा गेला की ते तिथल्या तिथे संपतं. ‘बाबांनी मला पॉवर दिली होती’ म्हणून मृत्यूनंतर व्यवहार करणारे अडचणीत येतात, मग हेतू कितीही चांगला असो.

आईच्या खात्याकडे एक नजर टाकायला हवी, म्हणजे पेन्शनच्या. तिथे गुरुजींची शिल्लक होती ती वरच्या हिशेबात धरली नाही, पण तीही याच नियमानं चौघांत वाटली जाईल. गुरुजी गेल्यानंतरच्या काळाची पेन्शन चुकून जमा झाली असेल तर ती परत जाते. बँकेला वेळेत कळवलं नाही तर पुढे एकदम कापून घेतली जाते आणि मग आईची धावपळ होते. पुढे आईला सुरू होणारं कुटुंब निवृत्तिवेतन मात्र पूर्णपणे तिचं. तो गुरुजींच्या मालमत्तेचा भाग नाही, त्यात ताई किंवा धाकटा हिस्सा मागू शकत नाहीत. हे १९९१ मध्येच सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं आहे.

उलट झालं असतं तर? धाकटा आधी गेला आणि गुरुजी मागे राहिले असते, तर बँकेनं सगळे पैसे विनातक्रार गुरुजींना दिले असते. ग्रॅच्युइटी त्यांची होती, त्यांच्याकडेच राहिली असती. पण आल्याच्या पट्टीचे १,२०,००० धाकट्याचे, आणि त्याचे वारस म्हणजे त्याची बायको, मुलं आणि आई. गुरुजी वडील असल्यानं पहिल्या वर्गात नाहीत. ते पैसे गुरुजींनी सुनेला, नातवंडांना आणि स्वतःच्या पत्नीला मोजून द्यायला हवे होते. किती सासऱ्यांनी असे दिले असतील, हा प्रश्न मी इथेच सोडतो.

गोव्यात हेच कुटुंब असतं तर वाटणी वेगळी झाली असती. तिथे पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याच्या परंपरेनं, वेगळा करार नसेल तर लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते. म्हणजे बारा लाखांतले सहा लाख आधी पत्नीचे स्वतःचे, वारसा म्हणून नव्हे तर निम्म्या मालकीण म्हणून. वाटायचे उरलेले सहा, आणि ते मुलांना: ताईला तीन, धाकट्याला तीन. मुलं असताना आजीला तिथे वारसा मिळत नाही. बँकेनं धाकट्याच्या हाती पैसे दिले तरी तो विश्वस्तच. फक्त कुणासाठी आणि किती, हे बदलतं. मुस्लिम कुटुंबात हिश्शांची प्रमाणं आणखी निराळी असतात, उदाहरणार्थ मुलं असताना पत्नीचा आठवा हिस्सा. बँकेच्या फॉर्मला यातलं काही माहीत नसतं.

साताऱ्याकडे परत येऊ. धाकटा समजूतदार आहे असं धरू. त्याला नऊ लाख द्यायचे आहेत. ते रोखीनं देऊ नयेत. आईच्या, ताईच्या आणि आजीच्या खात्यात ट्रान्सफर करावेत आणि ‘गुरुजींच्या खात्यातील व ठेवीतील माझा हिस्सा मिळाला’ अशी पोच एका कागदावर घ्यावी. दशक्रियेच्या दिवशी ताई डोळे पुसत म्हणाली असेल, ‘मला काही नको रे’, पण ते तोंडी आहे. तिला खरंच नको असेल तर महिन्याभरानं, सावरल्यावर, तिनं लेखी द्यावं. पैशाच्या हिश्शासाठी त्याला नोंदणी लागत नाही, साधं पत्र आणि दोन साक्षीदार चालतात. आणि नको म्हणण्याआधी आकडा किती आहे हे तिला कळलेलं असावं. मला नको, हे तीन लाखांबद्दल आहे की काहीशा वीस-तीस हजारांबद्दल, एवढं तरी.

आजीच्या बाबतीत मात्र घाई करावी. ‘तिला कशाला पैसे, तिचं सगळं आम्हीच करतो’ असं म्हणून तिचे तीन लाख तसेच राहिले आणि वर्षभरात आजीही गेली, तर ते तीन लाख गुरुजींचे राहत नाहीत, आजीचे होतात, आणि आजीचे वारस वेगळे. तिला गुरुजींखेरीज आणखी एक मुलगा आणि एक मुलगी आहे, नवरा हयात नाही. तीन लाखांचे तीन भाग: एक लाख काकाला, एक लाख आत्याला, आणि गुरुजींच्या वाट्याचे एक लाख त्यांच्या मुलांना, म्हणजे पन्नास हजार धाकट्याला आणि पन्नास हजार ताईला. आईला, म्हणजे आजीच्या सुनेला, त्यातलं काही नाही. ज्या काकाचा आणि आत्याचा गुरुजींच्या ठेवीशी काही संबंध नव्हता, ते आता धाकट्याकडे हिशेब मागायला हक्कानं येऊ शकतात.